मांडी बधिर, वरून आग : दुखणं मणक्यात की जांघेत?

प्रश्न : मी धुळ्याचा, वय ३६, काम बँकेतल्या काउंटरवर. वर्षभरात ११ किलो वजन वाढलं. दोन महिन्यांपासून उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला पंजाएवढी जागा बधिर आहे आणि तिथेच मिरची लावल्यासारखी आग होते. पँटचं कापड घासलेलंही सहन होत नाही. उभा राहिलो की वाढतं, बसलो की कमी होतं. एमआरआयमध्ये 'एल-४, एल-५ ला गादी सरकली' असं आलंय. ऑपरेशन करावं लागेल का? पाय लुळा पडेल का?

उत्तर : भाऊ, तुम्ही लिहिलंय ते तसंच असेल, तर या त्रासासाठी मणक्याचं ऑपरेशन लागणार नाही आणि पायही लुळा पडणार नाही. हे मी तुम्हाला न तपासता लिहितोय, म्हणून 'तसंच असेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. माझा अंदाज असा, की तुमची एक नस मणक्यापाशी नाही, तर जांघेत, पँटचा पट्टा जिथे बसतो त्याच्या आसपास दाबली जातेय. या दुखण्याला डॉक्टरी भाषेत मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी बहुतेकांचं हे दुखणं दाब काढला की काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतं. सिग्मंड फ्रॉइडला स्वतःला हा त्रास होता आणि १८९५ साली त्याने त्यावर लिहिलंही होतं. म्हणजे तुम्ही एकटे नाही.

आधी ही नस कुठून जाते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कमरेच्या दोन्ही हातांना पुढच्या बाजूला हाडाचं एक टोक लागतं. शर्ट खोचताना बोटं तिथून जातात. कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याजवळून निघालेली ही नस ओटीपोटाच्या आतून पुढे येते आणि या टोकाच्या साधारण एक सेंटीमीटर आतल्या अंगाला, जांघेतल्या ताठ पट्ट्याखालून वळून मांडीत उतरते. तिथून मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागातल्या कातडीत पसरते. ही निव्वळ कातडीची नस आहे. स्पर्श, गरम-गार आणि वेदना एवढंच ती वाहून नेते. एकाही स्नायूला ती जात नाही, म्हणून ती कितीही दाबली गेली तरी पायातली ताकद जात नाही. 'पाय लुळा पडेल का' या प्रश्नाचं उत्तर याच रचनेत आहे.

या वळणाच्या जागीच ती सापडते. पोट वाढलं की त्याचा भार जांघेतल्या पट्ट्यावर येतो. त्यात आपल्याकडच्या पुरुषांची सवय अशी, की पोट सुटलं तरी पँटचं माप तेच ठेवायचं आणि पट्टा पोटाच्या खाली, नेमका त्या हाडाच्या टोकावर आवळायचा. उभं राहिल्यावर किंवा पाय मागे गेल्यावर जांघ ताणली जाते आणि नस त्या वळणावर आणखी खेचली जाते. बसल्यावर जांघ दुमडते, ताण सुटतो. म्हणूनच तुम्हाला उभं राहून वाढतं आणि बसून कमी होतं. पोटावर फार घट्ट बसणारी पँट मात्र बसतानाही रुतते, त्यामुळे काहींना उलटाही अनुभव येतो. नस नेमकी कुठून उतरते यात माणसामाणसांत बराच फरक असतो. कुणाची हाडाच्या टोकाला अगदी चिकटून जाते, कुणाची थोडी लांबून. म्हणून तसाच पट्टा लावणाऱ्या तुमच्या शेजारच्या सहकाऱ्याला काही होत नाही.

आता एमआरआयचा मुद्दा, कारण माझ्याकडे येणारे बरेच पेशंट याच कागदावर अडकलेले असतात. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकून नस दाबली, तर बहुतेक वेळा पाचव्या मणक्याची नस दाबली जाते. तिचा त्रास नडगीच्या बाहेरच्या बाजूला, पावलाच्या वरच्या भागात आणि अंगठ्याकडे जातो. तुमची जागा मांडीवर आहे आणि गुडघ्याच्या वरच थांबते. म्हणजे पत्ताच जुळत नाही. मांडीच्या या भागाशी मणक्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचा संबंध असतो आणि तिथली गादी सरकणं तुलनेने खूप कमी. शिवाय तिशी-चाळिशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या कित्येक लोकांचा एमआरआय काढला तर गादी थोडीफार फुगलेली दिसतेच. रिपोर्टमध्ये ती दिसली म्हणून तुमच्या आगीला तीच जबाबदार, असं होत नाही. कागद खोटा नाही, पण तो तुमच्या मांडीबद्दल बोलत नाही.

तुम्ही घरी थोडं तपासू शकता. बॉलपेन घ्या, आरशासमोर उभे राहा आणि कापसाने बधिर भागाची हद्द शोधत शोधत मांडीवर गोल रेघ ओढा. या नसेचा त्रास असेल तर ती रेघ मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात राहते. आतल्या बाजूला जात नाही, गुडघ्याखाली उतरत नाही आणि मागे ढुंगणावर फिरत नाही. त्या रेघेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो. मग हाडाच्या टोकाच्या जरा आतल्या-खालच्या अंगाला बोटाने टकटक करा. मांडीत झिणझिणी गेली तर संशय बळावतो, नाही गेली म्हणून मात्र दुखणं नाही असं ठरत नाही.

यापेक्षा मला जास्त भरवशाची वाटणारी चाचणी आम्ही दवाखान्यात करतो, तीही तुम्हाला कुणाच्या मदतीने करून पाहता येईल. दुखरी बाजू वर येईल असं कुशीवर झोपा. दुसऱ्याने वरच्या कमरेच्या हाडावर दोन्ही तळवे ठेवून सरळ खाली, जमिनीकडे, ४५ सेकंद दाब द्यायचा. या दाबाने जांघेतला पट्टा सैल पडतो आणि नसेवरचा ताण कमी होतो. दाब असेपर्यंत आग कमी झाली तर उत्तर बऱ्यापैकी मिळालं. चाचणी करताना त्रास चालू असायला हवा, म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं उभे राहा.

ताकदही बघून घ्या. उकिडवं बसून हात न टेकता उठता येतंय का? जिना चढताना त्या पायाचा गुडघा दगा देतो का? मांडीतला स्नायू दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक दिसतो का? यातलं काहीही बिघडलेलं असेल, तर हे माझ्या अंदाजातलं साधं दुखणं नाही. तेव्हा मणक्याच्या वरच्या पातळीची नस, मांडीची मोठी नस किंवा मधुमेहातला मांडीच्या स्नायूंचा आजार यांचा विचार करावा लागतो आणि तो घरी बसून होत नाही.

बधिर जागेच्या बाबतीत खान्देशात आणखी एक गोष्ट मी कधीच वगळत नाही, ती म्हणजे कातडी बघणं. धुळे, नंदुरबार, जळगावकडे कुष्ठरोगाचे पेशंट अजूनही सापडतात. आरशात नीट बघा : त्या जागेवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, तिथले केस विरळ झालेत का, घाम येतो तेव्हा तेवढीच जागा कोरडी राहते का? कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा मुका असतो, मिरची लावल्यासारखी आग त्यात सहसा नसते, आणि त्याचा उभं राहण्या-बसण्याशी संबंध नसतो. तुमच्यासारख्या दुखण्यात कातडीचा रंग बदलत नाही. फार तर सतत चोळून ती जाड किंवा काळपट होते. चट्टा दिसला तर लाज न बाळगता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी आणि औषधं तिथे फुकट मिळतात आणि वेळेत घेतली तर आजार पूर्ण बरा होतो. आणि आगीसोबत पाण्याने भरलेले फोड पट्ट्यासारखे उठले असतील तर ती नागीण आहे, तिच्यावरची औषधं पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावी लागतात.

एक पेशंट सांगतो, म्हणजे दाब नेमका कसा शोधायचा ते कळेल. अमळनेर तालुक्यातल्या एक बाई कापूस वेचणीच्या हंगामात आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आतलं, अंगाने जाड, साखर थोडी वाढलेली. "मनी मांडी नुसती जयस", म्हणजे माझी मांडी नुसती जळते, एवढंच सांगायच्या. गावात 'सायटिका' म्हणून कमरेत इंजेक्शनं घेऊन झाली होती, फरक शून्य. तपासताना परकराच्या नाडीचा वण दिसला. कमरेच्या वर नव्हे, पोटाच्या घडीखाली, डाव्या हाडाच्या टोकावरून गेलेला, बोटभर खोल आणि काळा पडलेला. त्या वणाच्या आतल्या टोकाला बोट टेकलं तशा त्या दचकल्या आणि हात मांडीवर नेला. मग विचारलं, वेचलेला कापूस ठेवता कशात? साडीच्या ओटीत. ओटी कशाला बांधलेली? त्याच नाडीला. म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत वाढत जाणारं ओझं त्या एका दोरीवरून नसेवर येत होतं, तेही वाकून-उठून, वाकून-उठून. ओटीत नुसता कापूस असला तरी भरली की काही किलो भरते.

त्यांच्या बाबतीत औषधाआधी दोन गोष्टी बदलल्या. नाडीऐवजी चार बोटं रुंद कापडी पट्टी, आणि ती पोटाच्या घडीखाली नाही, बेंबीच्या पातळीवर, बोट आत जाईल इतकी सैल. ओटीऐवजी खांद्यावरून अडकवलेली झोळी. साखरेचं औषध सुरू केलं, कारण साखर जास्त असली की दाबलेली नस हट्टी होते. आग पंधरवड्यात निम्मी झाली असं त्यांनी सांगितलं. बधिरपणा मात्र पुढच्या पेरणीपर्यंत टिकून होता आणि कडेकडेने कमी होत गेला. हा क्रम लक्षात ठेवा : आग आधी जाते, स्पर्श उशिरा परत येतो, आणि कधीकधी थोडासा सुन्न भाग कायमचा राहतो. लोक बधिरपणा जात नाही म्हणून घाबरतात आणि चालू उपाय सोडून देतात.

आता तुमचं. तुमच्याकडे ओटी नाही, पण पँट आहे. वजन वाढायच्या आधी शिवलेल्या पँट सहा आठवडे बाजूला ठेवा. नवीन पँटचं माप शिंप्याकडे उभं राहून नव्हे, खुर्चीत बसून घ्या. बसल्यावर कंबर फुगते, तेव्हाही दोन बोटं आत जायला हवीत. पट्टा शक्यतो नकोच. पँट खाली घसरत असेल तर खांद्यावरचे गॅलस लावा. जुनी फॅशन वाटेल, पण भार खांद्यावर जातो. पुढच्या खिशातला मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा काढा, बसताना ते जांघेत रुततात. कमरेला करदोडा असेल तर तोही बघा. लहानपणापासूनचा म्हणून आपण विसरतो आणि वाढलेल्या पोटाखाली तो कातडीत घुसलेला असतो. घट्ट जीन्स आणि कमरेला आवळणारी इलास्टिकची आतली चड्डी, दोन्ही सध्या बंद.

काउंटरवर उभं राहायचं असेल तेव्हा पायाखाली छोटं स्टूल किंवा लाकडी ठोकळा ठेवा आणि दुखऱ्या बाजूचा पाय त्यावर टेका. गुडघा थोडा वर आला की जांघ सैल होते. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं बसा. पोटावर झोपू नका. पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्या.

व्यायामाबद्दल लोक एक चूक करतात. वजन कमी करायचं म्हणून लगेच लांब ढांगा टाकत पहाटे चालायला निघतात, किंवा सूर्यनमस्कार आणि भुजंगासन सुरू करतात. या सगळ्यात पाय मागे ताणला जातो आणि नेमकी हीच नस खेचली जाते, मग चार दिवसांत 'व्यायामाने वाढलं' म्हणून बंद. पहिले चार-सहा आठवडे चालायचं असेल तर छोटी पावलं टाकत सपाट रस्त्यावर चाला, आणि आग सुरू व्हायच्या आधी थांबा. वजनाचं खरं काम ताटातच होणार आहे. तुमची ११ किलो वाढ एका वर्षातली आहे, ती सगळी उतरायची गरज नाही. चार-पाच किलो गेले तरी पुष्कळांचा त्रास ओसरतो. शेवभाजीवरची तर्री आणि बट्टीवर ओतलेलं तूप कुठे कमी करायचं हे तुम्हीच ठरवा, तिथे मी पडत नाही.

दोन गोष्टी करू नका. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडीला चटका कळत नाही आणि फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. आणि मांडीला जोरात तेल रगडू नका. बिघाड मांडीत नाहीच, आणि रगडण्याने चिडलेली कातडी जास्त पेटते.

औषधांचं म्हणाल, तर साध्या वेदनाशामक गोळ्या या आगीवर फारशा चालत नाहीत आणि रोज घेतल्या तर पोट आणि किडनी बिघडवतात. नसेच्या जळजळीसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन वापरतो, कमी डोसने रात्री सुरू करून. ही औषधं आग दाबतात, दाब काढत नाहीत. झोप आणि चक्कर येते, म्हणून सुरुवातीला मोटारसायकल चालवताना जपा आणि मनाने अचानक बंद करू नका. 'नसांच्या ताकदीची' म्हणून दिली जाणारी बी-१२ ची इंजेक्शनं, बी-१२ कमी असेल तरच उपयोगी. शाकाहारी असाल तर एकदा तपासून घ्या, सोबत उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी. बधिरपणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मधुमेह आहे हे त्याच दिवशी कळणं माझ्याकडे नेहमीचं आहे.

सहा-आठ आठवडे दाब खरोखर काढूनही आग तशीच राहिली, तर सोनोग्राफीच्या मदतीने नसेजवळ भूल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. याचा दुहेरी उपयोग असतो. भूल लागताच आग थांबली, तर निदान पक्कं होतं, आणि नाही थांबली तर आपण चुकीच्या जागी शोधतोय हे कळतं. साखर असेल तर डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, स्टेरॉइडने ती काही दिवस वाढते. नसेची विद्युत तपासणीही असते, पण जाड माणसात ती अवघड जाते, म्हणून तिच्या एकट्या नॉर्मल रिपोर्टवर मी विसंबत नाही. ऑपरेशन हा अगदी थोड्यांसाठी शेवटचा पर्याय. त्यात नस मोकळी करतात किंवा कापतात. कापली तर आग जाते, पण बधिरपणा कायमचा राहतो. तुमच्यासारख्या दोन महिन्यांच्या त्रासात त्याचा विचारही नको.

काही खुणा असतील तर मात्र सहा आठवडे थांबू नका. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचाची जागा बधिर होणं, पायात ताकद कमी होणं, दोन्ही पायांत त्रास, ताप, प्रयत्न न करता वजन घटणं, किंवा जांघेत-ओटीपोटात गाठ लागणं. यातली लघवी-शौचाची तक्रार असेल तर रात्रीसुद्धा दवाखान्यात जा. गाठ किंवा घटतं वजन असेल तर ओटीपोटाची तपासणी आधी, कारण नस आतूनही दाबली जाऊ शकते.

डॉक्टरकडे जाताना एमआरआयची फाइल न्याच, पण टेबलावर आधी ती ठेवू नका. मांडीवर ओढलेल्या रेघेचा फोटो आधी दाखवा, 'उभं राहून वाढतं, बसून कमी होतं' हे आधी सांगा, आणि तीच पँट, तोच पट्टा घालून जा, म्हणजे तो हाडावर कुठे बसतो ते त्यांना बघता येईल. सहा आठवड्यांनी रेघ पुन्हा ओढा आणि आधीच्या फोटोशी ताडून बघा. आग कमी पण रेघ तेवढीच असेल, तरी गाडी बरोबर चाललीय. आग आणि रेघ दोन्ही वाढलेली असतील तर पुन्हा लिहा, कुठल्या बाजूने वाढलीय ते मात्र नक्की सांगा.